आळशी नाही, थकलेली

"मॅडम, मुलगी नववीत आहे. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि झोपते. काही विचारलं की अंगावर येते. आळस आहे की डिप्रेशन?"

कोपरखैरण्याच्या एका आईचे हे शब्द. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या कितीतरी आयांकडून हेच ऐकते, म्हणून तिच्या लेकीबद्दल ओळख पुसून लिहिते.

जीव नकोसा वाटतो का, हे मी पहिल्याच भेटीत मुलीला सरळ विचारलं. "नाही," ती म्हणाली. हो म्हणाली असती तर पुढचं काहीही थांबवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. दुसऱ्या भेटीत कंपासपेटी उघडताना पाटीवरच्या पेन्सिलींचे चावलेले तुकडे बाहेर पडले. तिनं झटकन झाकण लावलं.

"खातेस?"

खूप वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "थांबवता येत नाही. मी वेडी आहे का?"

तिच्या चिडचिडीखाली ही लाज दडली होती. वागणं वाचण्याआधी शरीराचं ऐकावं, असं मी कायम मानत आले आहे. तिला सांगितलं, "लोह कमी पडलं की खडू, माती, पेन्सिल खावीशी वाटू शकते. लोह भरलं की ही ओढ बहुतेक वेळा जाते." त्या दिवशी पहिल्यांदा तिनं मान वर केली.

मग आईला दप्तर तपासायला सांगितलं. शाळेतल्या आरोग्य तपासणीची चिठ्ठी महिनाभर तळाशी पडून होती: हिमोग्लोबिन 9.1. या वयाच्या मुलीचं 12 तरी हवं. 8 ते 10.9 म्हणजे मध्यम रक्तक्षय.

"पण शाळेत निळी गोळी मिळते की!" आई म्हणाली. इथेच बहुतेक घरं फसतात. आठवड्याची ती एक गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते, आधीच कमी झालेलं भरून काढायला पुरत नाही. डॉक्टरांनी 60 मिलिग्रॅम लोहाच्या रोज दोन गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली आणि पाळीत रक्त किती जातं तेही विचारलं. नऊ दिवस जात होतं, तिनं घरी सांगितलंच नव्हतं. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

गोळ्या आठवडाभरात बंद पडल्या. शौच काळं झालं म्हणून आई घाबरली होती, आणि मुलगी गोळी चहासोबत घेत होती. काळं शौच गोळीमुळे होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चहा मात्र लोह शोषू देत नाही. जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत घ्यायचं ठरलं. महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान 1 ने वाढायला हवं. नाही वाढलं तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

महिन्यानं 10.4 आलं. पेन्सिल सुटली, दुपारची झोप कमी झाली. सोमवारी सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखणं मात्र थांबलं नाही. ते रक्ताचं नव्हतं. वर्गात तिच्या शेजारी कुणी बसत नाही, हे तिनं सहाव्या भेटीत सांगितलं, आणि आता आम्ही त्यावर बोलतो आहोत.