रात्रपाळीनंतर झोपेची गोळी आणि पुढची पाळी

प्रश्न: रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोप लागत नाही. झोपेची गोळी घेतली तर रात्री कामावर सुस्ती येईल का?

उत्तर: ते गोळी कोणती आणि ती किती वाजता घेतली यावर अवलंबून आहे. समजा, एक परिचारिका सकाळी ९ वाजता गोळी घेऊन झोपते आणि रात्री ९ वाजता पुन्हा कामावर जाते. गोळी झोल्पिडेमची असेल, तर तिचे रक्तातील प्रमाण साधारण अडीच तासांत निम्मे होत असल्याने बारा तासांनी फारसे काही उरत नाही. मात्र मध्येच जाग आली म्हणून दुपारी ३ वाजता दुसरी गोळी घेतली, तर हा हिशेब बिघडतो. क्लोनाझेपाम निम्मे व्हायला ३० ते ४० तास लागतात, म्हणजे रात्री ९ वाजता तिच्या अंगात बहुतांश औषध शिल्लक असते आणि रोज घेतल्यास ते साचत जाते. आपल्याकडे घरात कोणाची तरी उरलेली गोळी हीच असू शकते, आणि ती घेणे मला सर्वांत धोक्याचे वाटते.

औषध उतरले तरी पहाटे ३ ते ५ दरम्यानची पेंग टळेलच असे नाही, कारण ती शरीराच्या घड्याळामुळे येते आणि गोळी ते घड्याळ बदलत नाही. पाळीत जीभ जड होणे, तोल जाणे किंवा नोंदींत चुका होणे दिसल्यास वाहन चालवू नये आणि डॉक्टरांना पाळीच्या वेळा सांगून औषध बदलून घ्यावे. नियमित घेतलेली गोळी मात्र स्वतःहून एकदम बंद करू नये.