विंडो एसीचा ढाळ एप्रिलमध्ये कळत नाही

"दीड टनाचा विंडो एसी घेतलाय, पुण्यात, चौथा मजला. मिस्त्री म्हणतो अँगल नको, खिडकीतच बसतो. चालेल का? आणि मागे किती कलता ठेवायचा?"

नाही चालणार. एसीचं वजन साधारण पन्नास किलोच्या आसपास असतं, कॉम्प्रेसर मागच्या बाजूला, म्हणजे जड भाग खिडकीबाहेर लटकतो आणि ॲल्युमिनियमचा ट्रॅक काय ते झेलणार नाही. लोखंडी अँगल भिंतीला अँकर फास्टनरने मारून घ्या, आणि फास्टनर नुसत्या प्लास्टरमध्ये नको, आतल्या काँक्रीटमध्ये किंवा भरीव विटेत पकडला पाहिजे, ड्रिल करताना भुसभुशीत लागलं तर जागा बदला.

ढाळ बाहेरच्या बाजूला, एसीच्या पुढून मागपर्यंतच्या पूर्ण लांबीत साधारण १ सेंटीमीटर, बास. जास्त दिला की पाणी जास्त लवकर जाईल असं वाटतं पण बऱ्याच विंडो एसीत मागचा पंखा ट्रेमधलं थोडं पाणी उडवून कॉईलवर टाकतो, त्याने कॉईल गार राहते, त्यामुळे मागून येणारा छपछप आवाज बिघाड नाही. फार कलला तर ते बिघडतं आणि कॉम्प्रेसरही वाकडा बसून थरथरतो.

आता माझी गंमत. आमच्याकडे एप्रिलमध्ये बसवला, दोन महिने मस्त. जूनचा पहिला पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोची उशी ओली! आलेला माणूस म्हणाला गॅस कमी, भरायला लागेल. मी म्हटलं थांबा जरा, आणि स्पिरिट लेव्हल ठेवून बघितली तर बुडबुडा उलट्या बाजूला, एसी आत कललेला. बसवताना पुढच्या बाजूखाली थर्माकोलचा तुकडा सारलेला, तो वजनाने आणि थरथरीने चेपला. एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की पाणी जेमतेम निघतं, म्हणून चूक लपून राहिली. थर्माकोल काढून कडक रबराचे तुकडे घातले, गळती बंद, गॅस होता तेवढाच आहे.

म्हणून लेव्हल एसी ठेवल्यावर, पूर्ण वजन आल्यावर बघा, रिकाम्या अँगलवर नाही. आणि फटी बुजवायच्या आधी प्लग काढून, पुढची जाळी काढून ट्रेमध्ये तांब्याभर पाणी हळूहळू ओता, ते मागे गेलं पाहिजे, पुढे एक थेंब नको.

फटी शेवटी. मोठ्या फटीला प्लाय, बारीक फटीला फोमची पट्टी, आणि बाहेरून वरच्या व दोन्ही बाजूंच्या कडेला सिलिकॉन, वर नीट मारा कारण पावसाचं पाणी तिथूनच शिरतं. मागचं ड्रेनचं भोक आणि बॉडीच्या बाजूच्या जाळ्या मात्र बुजवू नका, जाळ्या भिंतीच्या बाहेरच राहिल्या पाहिजेत, नाहीतर मे महिन्यात मशीन गरम होऊन ट्रिप मारत बसेल. ड्रेनला पाईप लावून खाली सोडा, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणावर टपटपलं तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचंच नाव निघेल.