उन्हामुळे तास कमी केले, म्हणून हजेरी पाऊण लावता येते का?

प्रश्न : सोलापुरात होटगी रोडवरच्या एका बांधकामावर आम्ही रोजावर आहोत, बाया-माणसं मिळून तीसेक जण. रोज 700 रुपये ठरला होता, काम नऊ ते सहा, मध्ये तासभर जेवणाची सुट्टी. एप्रिलपासून ठेकेदाराने वेळ बदलली : सकाळी 6 ते 11 आणि दुपारी 4 ते 6. आठनंतर तासाला दहा मिनिटं सावलीत बसू देतात. पण हजेरी पाऊणच लावतात, 525 हातात येतात. कधी सातपर्यंत थांबवतात, तरी पाऊणच. मुकादम म्हणतो, ऊन सोसत नाही म्हणून तुम्हीच काम कमी केलंत. आम्ही काय करावं?

उत्तर : तुमचा पूर्ण रोज मागा. वेतन संहितेच्या कलम 10 मध्ये रोजावरच्या कामगारासाठी हीच सोय आहे. मालकाने पूर्ण दिवसाचं काम दिलं नाही आणि त्यामुळे कमी तास भरले, तरी वेतन पूर्ण दिवसाचं द्यावं लागतं. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे, पण नियम जुनाच आहे. 1948 च्या किमान वेतन कायद्यात तो कलम 15 मध्ये होता.

याच कलमात एक पळवाटही आहे आणि मुकादमाचं वाक्य नेमकं तिच्याकडे जातं. कामगारानेच काम करायची तयारी दाखवली नाही, तर पूर्ण वेतनाचा हक्क राहत नाही. उद्या वाद झाला की ठेकेदार हेच म्हणेल. म्हणून आजच मुकादमाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका : “11 ते 4 काम बंद ठेवायचं तुम्ही ठरवलंत. आठ तास भरतील असं सुरक्षित वेळेचं काम द्या, आम्ही करायला तयार आहोत.” त्याने उत्तर दिलं नाही, तरी तुमची तयारी लेखी राहिली. शिवाय मस्टरवर तुमच्या नावापुढे पाऊण लिहिलेल्या पानाचा फोटो काढा आणि रोज आल्या-गेल्याची वेळ वहीत टिपा. वेतनचिठ्ठी देणं मालकावर बंधनकारक आहे, तीही मागा.

ठेकेदार आणखी एक मुद्दा काढू शकतो, की कलम 10 चं संरक्षण सरकारी किमान दरापुरतंच आहे आणि तुमचा 700 त्याहून जास्त आहे. तरीही तुमची बाजू पडत नाही. 700 चा रोज ठरलेला आहे आणि वेतनातली कपात कायद्यात दिलेल्या कारणांसाठीच करता येते. गैरहजेरी हे तसं एक कारण आहे, पण तुम्ही गैरहजर नव्हता.

आता हिशोब पाहा. 6 ते 11 चे पाच आणि 4 ते 6 चे दोन, असे सात तास होतात. सात तासांना पाऊण हजेरी कशी? सावलीतली दहा-दहा मिनिटंही वजा केली असणार, म्हणजे त्यांच्या मते काम सहा तासांचं. ही मिनिटं कापणं मला अजिबात मान्य नाही. त्या वेळी तुम्ही साइटवर, मुकादमाच्या हाकेच्या अंतरावर असता. व्यवसाय सुरक्षा संहितेच्या कलम 6 प्रमाणे सुरक्षा आणि आरोग्यासाठी केलेल्या सोयीचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, आणि विश्रांतीची मिनिटं वेतनातून कापणं म्हणजे तेच पैसे घेणं, असं माझं म्हणणं राहील. 11 ते 4 ची मोठी सुट्टी मात्र वेगळी, तुम्ही घरी जायला मोकळे असाल तर ती कामाच्या तासांत धरली जाणार नाही. रोजचे 175 रुपये, 26 दिवस भरले तर महिन्याला 4,550 होतात.

सातपर्यंत थांबलात त्या दिवशी आठ तास भरले. त्यामुळे दुप्पट दराचा ओव्हरटाइम लागणार नाही, पण पूर्ण हजेरी निर्विवाद तुमची. शिवाय सकाळी सहा ते संध्याकाळी सात म्हणजे तेरा तास साइटशी बांधलेले. बांधकाम कामगारांच्या 1998 च्या केंद्रीय नियमांत विश्रांती धरून दिवसाचा पसारा 12 तासांपेक्षा जास्त नसावा असं आहे. अर्जात हे दिवस तारखांसह वेगळे लिहा.

जुनी वेळ परत मागू नका. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी एक वाजता स्लॅबवर लोखंड हाताळायला लावणं जिवावर बेतू शकतं. त्याऐवजी 6 ते 2 अशी एक पाळी सुचवा. नऊला अर्ध्या तासाची न्याहारी, तासाला दहा मिनिटं सावली आणि अकरानंतर फक्त आतलं, छताखालचं काम. सहाच्या आधी सुरू करायचं म्हणाले, तर तुमच्यातल्या बायांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था आधी लागते. गावाहून नवा आलेला माणूस पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ उन्हात लावू नये. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा तोल जाऊ लागला, तर तो दमलाय म्हणून बसवून ठेवू नका. उष्माघात समजून अंग ओलं करा, वारा घाला आणि त्याला लगेच दवाखान्यात न्या.

ठेकेदार आठवडाभरात ऐकला नाही, तर सहायक कामगार आयुक्त, सोलापूर यांच्या कार्यालयात तीसही जणांचे दावे द्या. मुदत तीन वर्षांची आहे, पण मस्टर बदलायच्या आत गेलेलं बरं. अर्जात ठेकेदाराबरोबर ज्याचं बांधकाम आहे त्या बिल्डरचंही नाव घाला, कारण ठेकेदाराने वेतन बुडवलं तर ते देण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते.