आईसाठी मोबाईलवरचे सोपे कोड्यांचे गेम आणि मोठी अक्षरं

प्रश्न: आई ७२ वर्षांची आहे, पहिल्यांदाच स्मार्टफोन हातात घेतलाय. पेपरातलं सुडोकू आवडीने सोडवते. फोनवर तिला कोणता गेम द्यावा आणि अक्षरं मोठी कशी करावीत?

माझ्या आईला शिकवताना मी पहिली चूक केली ती अशी: सेटिंग्जमध्ये अक्षरं मोठी केली आणि काम झालं असं समजलो. व्हॉट्सअॅपमधली अक्षरं मोठी दिसायला लागली, पण सुडोकूतले आकडे होते तेवढेच राहिले. बरेचसे गेम आपलं चित्र स्वतःच रंगवतात, फोनची सेटिंग त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून अक्षरांची सेटिंग फोनसाठी करा, आणि गेम मात्र त्याच्या घरांचा आकार बघून निवडा.

साडेसहा इंची फोन उभा धरला तर पडदा जेमतेम ६८ मिलिमीटर रुंद असतो. सुडोकूची नऊ घरं त्यात बसवली की एक घर साडेसात मिलिमीटरचं होतं. अँड्रॉइडवर बोट लावायच्या जागेसाठी साधारण ९ मिलिमीटरचा आकार सुचवलेला आहे. त्यामुळे आईचं बोट सारखं शेजारच्या घरात पडायचं आणि "हा फोनच खुळा आहे" म्हणून ती तो बाजूला ठेवायची. मग ६×६ चं सुडोकू शोधलं. घर ११ मिलिमीटरचं झालं आणि तक्रार थांबली. पेपरात ९×९ लीलया सोडवणाऱ्या बाईला हे पोरकट वाटेल अशी मला धास्ती होती, पण सुरुवातीला तिला कोडं नाही, बोट शिकायचं होतं. महिन्याभराने टॅबवर ९×९ दिलं.

वेळ मोजणारा आणि चुकांवर 'जीव' कापणारा गेम नको. तसा पर्याय गेमच्या सेटिंगमध्ये बंद होतो का ते आधी बघा. जाहिरातींचा त्रास वेगळाच: फुली इवलीशी, आणि बोट चुकलं की थेट भलतंच पान उघडतं. गेम घेतल्यावर वायफाय आणि डेटा बंद करून उघडून बघा. तरीही चालला तर खेळताना नेट बंदच ठेवायचं, म्हणजे नवी जाहिरात सहसा येत नाही. एअरप्लेन मोड मात्र लावू नका, फोनच लागणार नाही.

अँड्रॉइड फोनमध्ये Font size आणि Display size हे दोन वेगळे सरकपट्टे आहेत. पहिल्याने फक्त अक्षरं वाढतात, दुसऱ्याने बटणं आणि चिन्हंसुद्धा. दोन्ही टोकाला नेले तर काही अॅपमधली बटणं पडद्याबाहेर जातात, म्हणून मी Font size शेवटून दुसऱ्यावर आणि Display size एकच पायरी वर ठेवला. आणखी एक सेटिंग: Accessibility मध्ये Touch & hold delay असतं, ते Long करा. वयस्कर माणसं बोट टेकवून विचार करत बसतात, फोनला वाटतं दाबून धरलंय, आणि नको तो मेनू उघडतो. आईच्या होम स्क्रीनवरचे आयकॉन दर दोन दिवसांनी गायब व्हायचे ते याचमुळे.