शिगेला असेल तर मॅल्डी-टॉफवर थांबू नकोस

मॅल्डी-टॉफ यंत्र जिवाणूच्या प्रथिनांच्या वजनांवरून त्याचं नाव सांगतं. त्यासाठी टूथपिकच्या टोकाला जेमतेम दिसेल इतकीच कॉलनी घे आणि प्लेटवर पातळ पसर. जाड थर झाला की शिखरं धड येत नाहीत. वर एक मायक्रोलिटर मॅट्रिक्स टाकून पूर्ण वाळू दे. मग काही मिनिटांत नाव मिळतं. जैवरासायनिक चाचण्यांना अख्खी रात्र जाते.

पण रक्ताचे जुलाब असलेल्या रुग्णाची, मॅकॉन्कीवरची रंगहीन कॉलनी लावलीस आणि यंत्राने 2.2 स्कोअरने ‘ई. कोलाय’ सांगितलं, तर रिपोर्ट सोडू नकोस. स्कोअर उत्तम असला तरी शिगेला या जुलाब करणाऱ्या जिवाणूची रायबोसोम-प्रथिनं जवळपास ई. कोलायसारखीच असतात, त्यामुळे ठसा वेगळा पडत नाही. चलनशीलता आणि लायसिनची चाचणी बघ. दोन्ही निगेटिव्ह आली तर शिगेलाच्या अँटिसीरमने अ‍ॅग्लुटिनेशन कर.