लिनेझोलिडने जिवाणू मारले, तरी ते ‘स्टॅटिक’ कसं?

प्रश्न: स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या (एमआरएसए) एका स्ट्रेनवर टाइम-किल केलं. दोन्ही औषधं एमआयसीच्या ४ पट. सुरुवातीला मिलीमागे ५ लाख जिवाणू होते. २४ तासांनी लिनेझोलिडच्या नळीत १० हजार उरले, व्हँकोमायसिनच्या नळीत ४००. पुस्तकात लिनेझोलिड बॅक्टेरिओस्टॅटिक म्हटलंय, पण इथे तर ९८ टक्के जिवाणू मेलेत. माझं काही चुकलं का? आणि रुग्णाला औषध देताना या फरकाने खरंच काही बिघडतं का?

उत्तर:

तुमचं काही चुकलेलं नाही. लिनेझोलिडचा आकडा अगदी अपेक्षेप्रमाणे आलाय. मला उलट व्हँकोमायसिनच्या ४०० बद्दल जास्त बोलायचंय.

आधी व्याख्या. टाइम-किलमध्ये औषधाला बॅक्टेरिसायडल म्हणायचं तर २४ तासांत जिवंत जिवाणूंची संख्या सुरुवातीच्या हजाराव्या भागापर्यंत किंवा त्याखाली यावी लागते, म्हणजे ३ लॉग घट, ९९.९ टक्के. तुमच्या ५ लाखांसाठी ही रेषा ५०० वर पडते. लिनेझोलिडची घट १.७ लॉग भरते, म्हणून ते स्टॅटिक. ‘स्टॅटिक’ या शब्दावरून आपल्याला वाटतं की जिवाणू जिवंत आहेत, फक्त वाढत नाहीत. व्याख्येत तसं काहीच नाही. ती एवढंच सांगते की ३ लॉगची रेषा गाठली गेली नाही. शून्य घट आणि ९९ टक्के घट या दोघांना एकच नाव मिळतं. ३ हा आकडाही जिवाणूंच्या शरीरशास्त्रातून आलेला नाही. प्रयोगशाळांना एक समान रेषा हवी होती, ती ठरवली.

आता ते ४००. मिलीमागे ४०० म्हणजे न पातळ केलेल्या ०.१ मिली नमुन्यातून प्लेटवर ४० कॉलनी आल्या असणार. ४० कॉलनींच्या मोजणीत निव्वळ योगायोगाने होणारा फरक अधिक-उणे १२ च्या आसपास असतो. म्हणजे तोच नमुना पुन्हा लावला तर २८ही येतील, ५२ही येतील. ५२ आल्या तर हिशेब ५२० वर जातो आणि तुमचं व्हँकोमायसिन एका रात्रीत ‘स्टॅटिक’ होतं! त्यात सुरुवातीचे ५ लाखही असेच कॉलनी मोजून आलेत, त्यांची चूक वेगळी. एकाच नळीवरून, एकाच प्लेटवरून हा शिक्का मारू नका. दोन-तीन वेगळ्या दिवशी, दर वेळी दोन प्लेट लावून करा आणि निकाल रेषेच्या इतका जवळ असेल तर ‘रेषेवर’ असंच लिहा.

त्या ४०० मध्ये आणखी एक शंका दडलेली असते, कॅरीओव्हरची. नमुन्याबरोबर औषधही प्लेटवर जातं आणि जिवंत जिवाणूंनाही कॉलनी करू देत नाही. तुमच्या बाबतीत हिशेब फार भीतिदायक नाही. एमआयसी १ धरली तर नळीत लिटरमागे ४ मिलिग्रॅम व्हँकोमायसिन आहे. त्यातलं ०.१ मिली साधारण २० मिली अगारमध्ये गेलं की सगळीकडे सारखं पसरल्यावर ०.०२ उरतं, एमआयसीच्या कितीतरी खाली. अडचण ‘सारखं पसरल्यावर’ या दोन शब्दांत आहे. थेंब एका जागी टाकून लगेच जिरला तर त्या जागी पहिले काही तास औषध दाटच असतं. म्हणून थेंब प्लेटभर नीट फिरवून पसरवा, आणि औषध जास्त पटीत वापरत असाल तर ही शंका दुप्पट घ्या.

कॅरीओव्हर ओळखायचा सोपा उपाय म्हणजे तोच नमुना न पातळ करता आणि दहापट पातळ करून, दोन्ही लावायचा. पहिल्या प्लेटवर ४० आणि दुसरीवर ४च्या आसपास आल्या तर ठीक. पहिलीवर ४० आणि दुसरीवर २० आल्या तर पहिल्या प्लेटवर औषधाने कॉलनी दाबल्यात, खरा आकडा ४०० नसून दोन हजारांच्या घरात आहे. दुसरा कंट्रोल म्हणजे औषधाच्या नळीत जिवाणू घालून लगेच, शून्य मिनिटाला, नमुना लावायचा. इतक्या लवकर कोणी मरत नाही, त्यामुळे औषध नसलेल्या नळीपेक्षा कॉलनी ठळकपणे कमी दिसल्या तर दोष प्लेटमध्ये आहे. हा कंट्रोल लोक कंटाळून गाळतात आणि मग औषध ‘जबरदस्त सिडल’ निघाल्याचा आनंद साजरा करतात.

तुम्ही फक्त सुरुवात आणि २४ तास दिलेत. मधले बिंदूही घ्या: २, ४, ६ किंवा ८ तास. कर्व्हमध्ये खरा मजकूर तिथेच असतो. व्हँकोमायसिन संथ मारतं. पहिल्या सहा तासांत त्याची आणि लिनेझोलिडची रेषा बऱ्याचदा जवळजवळ चालताना दिसते, फरक पुढे उघडतो. याउलट, मेथिसिलिनला संवेदनशील स्ट्रेनवर बीटा-लॅक्टम त्यापेक्षा चपळ असतात. व्हँकोमायसिन आणि हे बीटा-लॅक्टम, दोघांवरही ‘सिडल’चाच शिक्का आहे. तरी अशा स्ट्रेनच्या रक्तसंसर्गात व्हँकोमायसिन मागे पडतं, हे रुग्णांच्या नोंदींतून वारंवार दिसलंय. शिक्का एक, वागणूक वेगळी.

औषध-जिवाणूची जोडी बदलली की शिक्काही बदलतो. हेच लिनेझोलिड स्टॅफिलोकोकस आणि एन्टरोकोकसवर स्टॅटिक आहे, पण बहुतेक स्ट्रेप्टोकोकसवर सिडल. क्लोरॅम्फेनिकॉल ई. कोलायवर स्टॅटिक आहे, पण हिमोफिलस इन्फ्लुएन्झा, न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकस या तिघांवर सिडल. मेंदूज्वराचे नेहमीचे जिवाणू म्हणजे नेमके हेच तिघे. म्हणूनच ‘स्टॅटिक’ म्हणून पाठ केलेलं हे औषध मेंदूज्वरात वर्षानुवर्षं उपयोगी पडलं. कोष्टकात औषधासमोर एकच शब्द छापणं सोयीचं असतं, खरं नसतं. इतकंच काय, माध्यमही निकाल फिरवतं. डॅप्टोमायसिनला ब्रॉथमध्ये लिटरमागे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ते विसरलात तर एवढं झपाट्याने मारणारं औषध तुमच्या आलेखात मेंगळट दिसेल.

आता रुग्णाकडे वळू. नळीत पांढऱ्या पेशी नसतात, शरीरात असतात. लिनेझोलिडने वाढ थांबवली आणि संख्या पन्नासपट खाली आणली की उरलेले १० हजार न्यूट्रोफिलांच्या तावडीत असतात. त्या जागी उरलेले ४०० असते तरी बहुतेक रुग्णांत शेवट तोच झाला असता. तुमच्याच दोन औषधांचं उदाहरण घ्या. हॉस्पिटलमध्ये झालेल्या एमआरएसएच्या न्यूमोनियात लिनेझोलिड आणि व्हँकोमायसिन यांची तुलना करणारी एक मोठी यादृच्छिक चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. प्रोटोकॉलप्रमाणे उपचार झालेल्यांत लिनेझोलिडचं यश ५७.६ टक्के होतं आणि व्हँकोमायसिनचं ४६.६. साठ दिवसांच्या मृत्युदरात मात्र फरक नव्हता. ‘स्टॅटिक’ औषध हरलं नाहीच, थोडं पुढेच राहिलं. यामागचं पटणारं कारण असं की लिनेझोलिडचा रेणू लहान आहे आणि फुप्फुसाच्या आतल्या द्रवात चांगला पोहोचतो. व्हँकोमायसिनचा अवजड रेणू तिथे कमी जातो. जागेवर पोहोचलेलं स्टॅटिक औषध वाटेत अडकलेल्या सिडलपेक्षा बरं. सिडल आणि स्टॅटिक यांची थेट तुलना करणाऱ्या ५६ चाचण्या २०१८ साली एकत्र पाहिल्या गेल्या, त्यांतल्या ४९ मध्ये परिणामात काहीच फरक नव्हता. सिडल औषध पुढे निघालं ते फक्त एकात, आणि त्यात स्टॅटिक औषधाचा डोसच तोकडा होता असं मानायला जागा आहे.

मग फरक कुठेच नाही का? आहे, जिथे पांढऱ्या पेशींची मदत मिळत नाही तिथे. हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग, म्हणजे एन्डोकार्डायटिस, हे त्याचं चांगलं उदाहरण. झडपेवरच्या गाठीत एका ग्रॅममध्ये अब्जावधी जिवाणू फायब्रिनमध्ये गुरफटलेले असतात आणि न्यूट्रोफिल आत फारसे शिरत नाहीत. एन्टरोकोकसवर एकटं पेनिसिलिन किंवा अँपिसिलिन वाढ थांबवतं, पण नीट मारत नाही. एकटं जेंटामायसिन नेहमीच्या मात्रेत आत शिरतच नाही. दोन्ही एकत्र घातली की बीटा-लॅक्टम भिंत कमकुवत करतं, जेंटामायसिन आत जातं आणि टाइम-किलची रेषा कोसळते. दोघांपैकी जे एकटं जास्त प्रभावी आहे, त्यापेक्षा जोडीने २४ तासांनी संख्या किमान १०० पट कमी केली तर तिला सिनर्जी म्हणतात. एन्डोकार्डायटिसमध्ये या जोडीने उपचार बदलून टाकला. जिवाणूला जेंटामायसिनचा उच्च पातळीचा प्रतिकार असेल तर हाच आलेख जोडीतही एकट्या अँपिसिलिनसारखाच चालतो. अशा वेळी जेंटामायसिन देणं म्हणजे मूत्रपिंडाला उगाच त्रास.

मेंदूज्वरातही असंच, कारण पाठीच्या पाण्यात पूरक प्रथिनं आणि प्रतिपिंडं अगदी कमी असतात. तिथे स्टॅटिक औषध सिडलच्या आड आलं तर काय होतं ते १९५१ मध्ये दिसलं. न्यूमोकोकसच्या मेंदूज्वरात एकट्या पेनिसिलिनवर ३० टक्के रुग्ण दगावले होते, पेनिसिलिनबरोबर क्लोरटेट्रासायक्लिन दिलेल्यांत ७९ टक्के. पेनिसिलिनला वाढणारे जिवाणू लागतात आणि दुसऱ्या औषधाने वाढच थांबवली होती. रुग्ण थोडे होते, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. न्यूट्रोफिल खूप खाली गेलेल्या रुग्णातही डॉक्टर सिडलकडेच झुकतात, तिथला पुरावा मात्र मला इतका ठाम वाटत नाही.

उलटं उदाहरणही लक्षात असू द्या. ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकसच्या मांस सडवणाऱ्या संसर्गात पेनिसिलिनच्या जोडीला क्लिंडामायसिन देतात, कारण ते प्रथिनं बनणंच थांबवतं आणि त्याबरोबर विषही. तिथे किती जिवाणू मेले यापेक्षा त्यांनी काय सोडलं याला जास्त किंमत आहे, आणि ते टाइम-किलच्या आलेखात दिसत नाही.

तुमच्या अहवालात ‘स्टॅटिक’, ‘सिडल’ एवढंच लिहू नका. स्ट्रेन, एमआयसी, किती पट औषध, सुरुवातीची संख्या, ६ आणि २४ तासांची घट लॉगमध्ये आणि मोजणीची खालची मर्यादा, हे सगळं द्या. ०.१ मिली लावत असाल तर ती मर्यादा मिलीमागे १० येते. प्लेट रिकामी आली तरी ‘शून्य’ न लिहिता ‘१० पेक्षा कमी’ लिहा. आणि पुढच्या खेपेला ८ तासांनी खाली गेलेली रेषा २४ तासांनी वर आली तर त्या कॉलनी उचलून पुन्हा एमआयसी करा. ती वाढली असेल तर प्रतिकारक पिलावळ निवडली गेली आहे. तेवढीच असेल तर हलवताना नळीच्या काठावर उडून औषधापासून वाचलेले जिवाणू खाली उतरलेत का, किंवा औषधच विरून गेलंय का, ते आधी पाहा.