नुसतं "पुन्हा तपासा" लिहू नका

"बाबांचं पोटॅशियम ६.९ आलंय, मागच्या तिन्ही रिपोर्टांत ४.५ च्या आत होतं. लॅबला पत्र लिहायचंय, काय लिहू?"

ताई, पत्राआधी आजच बाबांच्या डॉक्टरांना फोन करा आणि ईसीजी काढून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पोटॅशियम खरोखरच चढतं, आणि इतकं चढलं तर हृदयाला धोका असतो. मी डॉक्टर नाही. गोळ्यांचं त्यांनाच ठरवू द्या.

माझ्या बाबांचं ७.१ आलं होतं, आधी ४.४. ईसीजी व्यवस्थित होता. मी रागाच्या भरात लॅबला लिहिलं, "रिपोर्ट चुकलाय, पुन्हा तपासा." तिथेच फसले. त्यांनी तीच नळी परत मशीनला लावली, ७.० आलं आणि "फेरतपासणी केली, रिपोर्ट बरोबर आहे" असं उत्तर आलं. नळीतलं रक्तच बिघडलेलं असेल तर दहा वेळा तपासलं तरी तोच आकडा येणार! पुढे चार दिवस कस्टमर केअरवाले तेच एक वाक्य ऐकवत होते. अजून आठवलं की संताप होतो.

उलगडा त्याच रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर होता. कॅल्शियम ९.४ वरून ५.८, अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम ८४ वरून २२. कॅल्शियम इतकं उतरलं तर सहसा मुंग्या येतात, हातपाय वळतात. बाबा तर सकाळीच तळजाईला फिरून आले होते. मग आठवलं. घरी रक्त न्यायला आलेल्या मुलाला शीर सापडत नव्हती. पिवळ्या झाकणाची नळी अर्धीच भरली, म्हणून त्याने जांभळ्या झाकणाच्या नळीतलं थोडं रक्त तिच्यात ओतलं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. हे ईडीटीए मिसळलं की पोटॅशियम वाढतं, कॅल्शियम बांधलं जातं आणि अल्कलाइन फॉस्फेटेजही उतरतं.

दुसरं पत्र मी रिपोर्टवर सही असलेल्या पॅथॉलॉजिस्टच्या नावाने लिहिलं. सॅम्पल नंबर, रक्त घेतल्याची वेळ, जुने-नवे आकडे शेजारी शेजारी, आणि एवढंच: "पोटॅशियम वाढलं आणि कॅल्शियम घटलं, हे एकत्र पाहावं. माझ्या डोळ्यांदेखत एका नळीतलं रक्त दुसरीत ओतलं गेलं. जुनी नळी नको, नवीन रक्त घेऊन तपासावं." त्या मुलाला दोष दिला नाही, फक्त पाहिलेलं लिहिलं. दुसऱ्या दिवशी फोन आला. नवीन सॅम्पलचं पोटॅशियम ४.५, कॅल्शियम ९.३.

तुमच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम पाहा. ते नेहमीसारखं असेल तर कारण बहुधा हे नाही. मग विचारा, रक्त किती वाजता लॅबला पोचलं, सेंट्रिफ्यूज करून पेशी कधी वेगळ्या केल्या, रक्तपेशी फुटल्याची नोंद आहे का. नळी तशीच तासन्‌तास बॅगेत राहिली तरी पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं.

आणि जुना रिपोर्ट रद्द करून सुधारित रिपोर्ट लेखी मागा. आमचा ७.१ त्यांच्या ॲपमध्ये महिनाभर तसाच दिसत होता, आणि नवीन डॉक्टरांनी सगळ्यात आधी तोच उघडला.